नवी कवळी टोचते तेव्हा

कवळी हातात पडली की काम संपलं, असं बहुतेक घरांत समजलं जातं. दात काढून झाले, मापं झाली, मेणावर दात लावून पाहिले, शेवटचे पैसेही दिले; आता आई किंवा बाबा पूर्वीसारखे जेवतील. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कवळी टोचायला लागते. ती डबीत जाते आणि डबी कपाटात. पुढे घरात लग्नकार्य निघालं की फोटोपुरती वरची कवळी बाहेर येते, खालची मात्र कपाटातच राहते. दातांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर अशा कपाटातल्या कवळ्या मी खूप पाहिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा वाईट बनवलेल्या नव्हत्या. बसवल्यानंतर दोन-तीनदा येऊन त्या घासून घ्यायच्या राहून गेल्या होत्या.

कवळी बनते प्लास्टरच्या साच्यावर. प्लास्टर दबत नाही. तोंडातली हिरडी मात्र दबते, आणि सगळीकडे सारखी दबत नाही. टाळूच्या मधल्या भागात हाडावर कातडीचा जेमतेम थर असतो, बाजूला तीच जागा मऊ असते. शिवाय साचा गप्प बसलेला असतो आणि तोंड दिवसभर हलत असतं: बोलताना, गिळताना, जांभई देताना गाल आणि जीभ कवळीच्या कडांवर ओढ देतात. माप कितीही नीट घेतलं तरी ही सगळी हालचाल त्यात पकडता येत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात एखाद-दोन ठिकाणी कवळी लागणं हे जवळपास ठरलेलंच असतं. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने दाखवायला बोलावतात ते याच कारणासाठी. या फेऱ्या म्हणजे कवळी बनवण्याच्या कामाचाच भाग आहे.

वरची बसते, खालची का हलते

पूर्ण कवळीला तोंडात धरून ठेवायला तारही नसते आणि खिळाही नसतो. वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. काचेच्या दोन पट्ट्या ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या की त्या सरकतात, पण ओढून सहज सुट्या होत नाहीत. इथेही तेच घडतं. कवळीच्या कडेला गाल आणि ओठ आतून टेकलेले असतात, त्यामुळे खाली हवा शिरत नाही आणि पकड टिकते.

खालच्या जबड्यात जिभेसाठी मधली जागा सोडावी लागते. टाळूसारखा रुंद आधार तिथे नसतो, नुसती अरुंद कमान असते. वरच्या कवळीखाली साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालच्या कवळीला १२च्या आसपास. नैसर्गिक दात होते तेव्हा एका जबड्यातल्या सगळ्या मुळांभोवती मिळून सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर तंतू चावण्याचा जोर पेलत होते, आणि ते तंतू त्याच कामासाठी होते. आता तोच जोर निम्म्या किंवा चौथाई जागेवर आणि मऊ हिरडीवर येतो. म्हणूनच कवळीने चावण्याची ताकद स्वतःच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच राहते, आणि म्हणूनच "वरची मस्त बसली, पण खालची हलते" ही तक्रार जवळजवळ प्रत्येक जण करतो.

खालची कवळी बऱ्याच अंशी जिभेनेच सांभाळायची असते. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे हलकं टेकवून ठेवायचं. नवी वस्तू तोंडात आली की जीभ घाबरल्यासारखी मागे जाते. ती मागे गेली की तळाची पकड सुटते आणि कवळी उचलली जाते. आरशासमोर बसून जीभ पुढे ठेवण्याचा सराव केला तर खालची कवळी पंधरा दिवसांत बरीच स्थिर होते. पूर्ण सवय होऊन आत्मविश्वासाने चावता यायला सहा ते आठ आठवडे लागतात. हा काळ आधीच सांगितलेला असला की लोक तिसऱ्या दिवशी निराश होत नाहीत.

पहिले काही दिवस

पहिल्या दिवशी तोंडात लाळेचा पूर येतो, कारण तोंडाला वाटतं की घास आला आहे. ती थुंकत बसू नका, गिळा. थुंकताना गाल आत ओढले जातात आणि कवळी सुटते. काही दिवसांत लाळ आपोआप आटोक्यात येते. काहींना वरच्या कवळीमुळे उमासे येतात. अशा वेळी नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, हनुवटी थोडी खाली ठेवायची आणि लक्ष दुसरीकडे वळवायचं. आठवडा उलटला तरी उमासे थांबले नाहीत, तर मागची कड लांब झालेली असते किंवा तिथे कवळी सैल असते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना दुरुस्त करता येतात.

बोलताना स, श, फ, व हे उच्चार काही दिवस अडखळतात. रोज सकाळी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचणं हा यावरचा सगळ्यात चांगला उपाय आहे. पोथी वाचायची सवय असेल तर आणखी उत्तम, फक्त ती मनात न वाचता मोठ्याने वाचा.

खाण्याची सुरुवात मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, लापशी, शिजवलेला भोपळा, पिकलेली पपई अशा पदार्थांनी करा. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून घ्या. चार-पाच दिवसांनी पोळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून खायला लागा. घास लहान घ्यायचा आणि त्याचे दोन भाग करून दोन्ही बाजूंच्या दाढांखाली ठेवून एकदम चावायचं. एकाच बाजूने चावलं की दुसऱ्या बाजूने कवळी वर उचलली जाते. पुढच्या दातांनी तोडून खाऊ नका. सफरचंदाला पुढून चावा घेतला की वरची कवळी मागून सुटते, म्हणून फळ कापूनच खायचं. चिक्की, ऊस, सुपारी आणि भाजलेले शेंगदाणे यांच्या वाटेला पहिले दोन महिने जाऊ नका. पेरूच्या आणि तिळाच्या बिया कवळीखाली अडकल्या की बारीक दाणाही जीव घेतो.

चहाची एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी लागते. वरच्या कवळीने टाळू झाकलेली असते, त्यामुळे चहा किती गरम आहे हे तिथे कळत नाही. कळतं ते थेट घशात, तेव्हा उशीर झालेला असतो. आयुष्यभर वाफाळता चहा प्यायची सवय असलेल्यांनी पहिले काही आठवडे चहा बशीत ओतून किंवा ओठाला लावून पाहूनच प्यावा.

दुखणं नेमकं काय सांगतं

आता मुख्य मुद्दा. कवळी दुखते, एवढ्यावरून काही करता येत नाही. कुठे दुखतं आणि कधी दुखतं, यावरून जवळपास सगळं कळतं. एक उदाहरण सविस्तर सांगते.

सत्तरीच्या आसपासच्या एक काकू पूर्ण कवळी बसवल्यावर चौथ्या दिवशी आल्या. कवळी रुमालात बांधलेली होती. "दोन दिवस घातलीच नाही, डाव्या बाजूला जिभेखाली भाल्यासारखं टोचतं," म्हणाल्या. मी तोंड पाहिलं तर हिरडी स्वच्छ गुलाबी होती. कवळी दोन दिवस बाहेर राहिल्याने लाली विरून गेली होती, आणि कवळी नेमकी कुठे घासायची हे सांगणारी खूणच नाहीशी झाली होती. अंदाजाने घासली तर चुकीची जागा निघून जाते आणि गेलेलं प्लास्टिक परत लावता येत नाही. त्यांना म्हटलं, उद्या सकाळी उठल्यावर कवळी घाला, नाश्ता करा, थोडं दुखलं तरी सहन करा आणि तोंडात कवळी ठेवूनच दवाखान्यात या.

दुसऱ्या दिवशी जागा लगेच दिसली. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, मागच्या दाढेजवळ, जीभ बाजूला केल्यावर कडेच्या रेषेत तांदळाच्या दाण्याएवढी लांबट जखम होती. मध्ये पांढुरकी, भोवती लाल. अशी रेषेसारखी, कवळीच्या कडेबरोबर धावणारी जखम असेल तर कड लांब आहे असं समजायचं. त्यांना गिळताना जास्त दुखत होतं, कारण गिळताना तिथला स्नायू वर उचलला जातो आणि कडेवर आपटतो. कवळीच्या आतून पांढरी मलमासारखी पेस्ट लावली, कवळी बसवली, जीभ बाहेर काढायला आणि गिळायला सांगितलं आणि मग कवळी बाहेर काढली. जिथे हिरडी दाबली जात होती तिथली पेस्ट पुसली जाऊन खालचं गुलाबी प्लास्टिक उघडं पडलं होतं. तेवढाच भाग, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, बारीक दातेरी यंत्राने कमी केला आणि पॉलिश करून गुळगुळीत केला. पुन्हा पेस्ट लावून पाहिली. तिथे पेस्टचा सलग थर राहिला, म्हणजे दाब निघाला होता. जखम चार-पाच दिवसांत भरून आली.

आठवड्याने काकू परत आल्या. आता दुखणं उजवीकडे होतं आणि जागा वेगळी होती: कड नाही, तर हिरडीचा वरचा कंगोरा, ज्याच्यावर कवळी बसते. नुसती कवळी घातली की काही नव्हतं, पोळी चावली की कळ येत होती. हे दुखणं पहिल्यासारखं दिसलं तरी त्याचं कारण कवळीच्या तळाशी नसतं. ते वर, दातांत असतं. निळा कागद दोन्ही कवळ्यांमध्ये ठेवून चावायला सांगितलं तेव्हा उजवीकडच्या एका दाढेवर गडद खूण उठली, बाकी दातांवर फिकट. म्हणजे तोंड मिटताना ती एक दाढ आधी टेकत होती आणि सगळा जोर तिच्याखालच्या हिरडीवर येत होता. इथे तळ घासला असता तर दोन दिवस बरं वाटलं असतं आणि मग शेजारच्या जागी नवी जखम झाली असती. दाढेचा उंचवटा कमी केला आणि तक्रार संपली.

तिसरा प्रकार काकूंना नव्हता, पण तो ओळखता यायला हवा. सकाळी बरं असतं, संध्याकाळपर्यंत सगळी हिरडी एकसारखी ठणकते, गालांचे आणि जबड्याचे स्नायू थकतात, बोलताना वरचे-खालचे दात एकमेकांवर टकटक आपटतात. याचा अर्थ दातांची उंचीच जास्त झाली आहे. शांत बसलेलं असताना वरच्या आणि खालच्या दातांत दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी, ती उरलेली नाही. हे एखादी जागा घासून सुटत नाही. कधी दात पुन्हा लावावे लागतात, कधी कवळी नव्याने करावी लागते. अशा वेळी "सवय होईल" असं म्हणून महिनोन्महिने ढकलत राहणं चुकीचं आहे.

बाकी खुणा थोडक्यात सांगते. बोलताना किंवा जांभई देताना वरची कवळी खाली येत असेल तर बहुधा कड जाड किंवा लांब आहे, किंवा ओठाच्या आतल्या पडद्यासाठी ठेवलेली खाच अपुरी आहे. गाल दाताखाली येत असेल तर वरच्या-खालच्या दाढांच्या कडा एकमेकींवर अगदी समोरासमोर आलेल्या असतात. त्या गोलाकार करून देता येतात. एकाच जागी सुईसारखं टोचत असेल आणि बोट फिरवल्यावर हिरडीखाली टोकदार काही लागत असेल, तर ते हाडाचं टोक असू शकतं. दात काढल्यावर उरलेल्या अशा टोकाचा उपाय कवळीत नसतो, डॉक्टरांनाच हाड गुळगुळीत करावं लागतं.

यातून घरी करायच्या गोष्टी अगदी थोड्या निघतात. फार दुखत असेल तर कवळी काढून हिरडीला विश्रांती द्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा चूळ भरा. पाणी थुंकायचंच आहे, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनीही घाबरू नये. पण दाखवायला जायच्या दिवशी निदान काही तास कवळी घालूनच जा. आणि दुखण्याची जागा, वेळ, कोणत्या घासाला दुखलं, हे कागदावर लिहून न्या.

कवळी घरी घासू नका. कानस, ब्लेड, सँडपेपर, नखाची फाईल यांपैकी काहीही नको. एका दुपारी आजोबांनी कानशीने दोन मिनिटांत केलेली दुरुस्ती मी पाहिली आहे. त्यांनी वरच्या कवळीची संपूर्ण कड खाली आणली होती. टोचणं थांबलं, पण कडेची पकडही गेली, आणि कवळी पुन्हा करावी लागली. हिरडीवर लवंगेचं तेल लावू नका. ते थेट कातडीवर राहिलं की भाजतं आणि मग कवळीची जखम कोणती आणि तेलाची कोणती हे कळत नाही. बधिर करणारी जेल लावून कवळी दामटून घालणं तर त्याहून वाईट, कारण दुखणं न जाणवताच जखम खोल जाते. कवळी तुटली तर सगळे तुकडे, अगदी बारीकसुद्धा, डबीत ठेवून आणा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडलेले तुकडे थोडे जरी सरकून चिकटले तरी मग दुरुस्ती नीट होत नाही.

ज्यांचे दात काढून त्याच दिवशी कवळी बसवली आहे, त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. त्यांनी पहिले २४ तास ती काढायची नसते, कारण तीच सूज आवरून धरते. काढली तर सुजेमुळे पुन्हा बसणार नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

रात्री कवळी बाहेर

रात्री सहा ते आठ तास हिरडीला मोकळीक हवी. कवळीखाली लाळ फिरत नाही, रक्तपुरवठा दाबला जातो आणि जंतूंना उबदार आडोसा मिळतो. जपानमध्ये ८५ वर्षं आणि त्यापुढच्या ५२४ वृद्धांकडे तीन वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि २०१५मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. त्यांच्या जिभेवर आणि कवळीवर साचलेला थरही जास्त होता. झोपेत लाळेबरोबर तो थोडा थोडा श्वासनलिकेत जातो, असा त्याचा अर्थ लावता येतो. घरातले लोक समोर असताना दात काढायला अनेकांना संकोच वाटतो, विशेषतः बायकांना. त्यांच्यासाठी दिवा मालवल्यावर कवळी काढून उशाजवळच्या झाकणाच्या डबीत ठेवणं सोपं पडतं.

धुण्याची पद्धत

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून नळाखाली नुसती खळबळून घ्या. खरी सफाई रात्रीची. बेसिनमध्ये आधी अर्धं पाणी भरा किंवा तळाला घडी घातलेला टॉवेल टाका. साबणाने ओली कवळी हातातून हमखास निसटते आणि चिनीमातीवर आपटून तिचे दोन तुकडे होतात. खालची कवळी मुठीत आवळू नका. दोन्ही टोकं दाबली की ती मधोमध मोडते. एक बाजू चिमटीत धरा.

मऊ ब्रश घ्या आणि त्यावर हात धुण्याच्या साध्या साबणाचा फेस किंवा भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. सगळ्यात जास्त लक्ष आतल्या बाजूला द्या, जी हिरडीला टेकते. पुढचे दात चकचकीत आणि आतल्या बाजूला बोट फिरवलं की बुळबुळीत, अशीच बहुतेकांची कवळी असते. तो बुळबुळीतपणा जाईपर्यंत घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. टूथपेस्ट वापरू नका. तिच्यातल्या बारीक कणांनी प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांतच घाण बसते. मंजन, राखुंडी, मीठ यांचंही तसंच.

गरम पाणी कधीही वापरायचं नाही. निर्जंतुक करायची म्हणून उकळलेली कवळी वाकते आणि मग कोणत्याही उपायाने पूर्वीसारखी बसत नाही. रात्री ती साध्या गार पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी राहिली की तिचा आकार किंचित बदलतो आणि ती ठिसूळ होते. डबीतलं पाणी रोज बदला, आणि डबीही धुवा, ही गोष्ट हटकून विसरली जाते. रुमालात किंवा कागदात गुंडाळून ठेवू नका. पाहुण्यांच्या घरी जेवताना टिश्यूमध्ये ठेवलेली कवळी कचऱ्यात गेल्याच्या गोष्टी दर महिन्याला कानावर येतात.

पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या चालतात, पण पाकिटावर लिहिलेल्या वेळेइतक्याच, आणि ब्रशने घासण्याच्या बदल्यात नाहीत. त्यातून काढलेली कवळी खूप धुऊनच तोंडात घालायची. गोळी तोंडात टाकायची नाही. विसराळू वृद्ध घरात असतील तर पाकीट औषधांपासून लांब ठेवा. कपड्यांच्या ब्लीचमध्ये कवळी बुडवून ठेवू नका, रंग उडतो, आणि तारेची कवळी असेल तर तार गंजते. बोअरच्या जड पाण्याने कवळीवर पांढरट पापुद्रा धरत असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास ठेवून मग घासा. तेवढ्याने गेला नाही तर दवाखान्यात यंत्राने काढून मिळतो. धातू असलेल्या कवळीला व्हिनेगरचा हा उपाय करू नका.

कवळी बाहेर असताना हिरडी, टाळू आणि जीभ हेही मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या सुती कापडाने हलकेच पुसून घ्या. हात थरथरत असतील किंवा बोटं आखडलेली असतील तर हे काम घरातल्या माणसाने करायला काही हरकत नाही. औषधाची गोळी देतो त्याच गंभीरपणे ते करावं.

न दुखणारा आजार

एक त्रास असा आहे की त्यात दुखत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. वरची कवळी काढून आरशात पाहिलं तर टाळू लाल दिसते, आणि ती लाली बरोबर कवळीच्या आकाराची असते. कॅन्डिडा नावाची बुरशी कवळीच्या आतल्या थरात वाढते आणि टाळूवर सूज आणते. रात्री कवळी न काढणारे, मधुमेही, दम्याचा पंप घेणारे आणि औषधांमुळे तोंड कोरडं पडलेले, यांना ती जास्त होते. ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडणं हीदेखील तिची एक खूण आहे. डॉक्टर बुरशीविरोधी मलम किंवा थेंब देतात, पण कवळी नीट घासली नाही आणि रात्री बाहेर ठेवली नाही तर महिन्याभरात ती परत येते. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर हे औषध घेण्याआधी ते अवश्य सांगा. मायकोनाझोल जेलने त्या गोळीचा परिणाम धोकादायक पातळीला वाढू शकतो.

सैल होणं

दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षी सगळ्यात वेगाने, आणि खालचं वरच्याच्या सुमारे चौपट. म्हणून सहा महिन्यांनी किंवा वर्षाने कवळी सैल वाटणं ही कवळीची खराबी नाही. तिच्या आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट करता येते. बाजारात मिळणारी कवळीची चिकट पेस्ट हा त्यावरचा उपाय नाही. नीट बसलेल्या कवळीला प्रवासात किंवा समारंभात आधार म्हणून मटारच्या दाण्याएवढे तीन-चार ठिपके चालतील, पण रोज जास्त जास्त पेस्ट लागायला लागली की डॉक्टरांकडे जायची वेळ झाली असं समजा. पेस्ट विकत घेताना जस्त नसलेली घ्या. जस्ताची पेस्ट महिनोन्महिने भरमसाट वापरल्याने शरीरातलं तांबं घटून हातापायांच्या नसांना इजा झालेले रुग्ण नोंदवले गेले आहेत. काहीच त्रास नसला तरी वर्षातून एकदा कवळी आणि तोंड दोन्ही तपासून घ्या.

पंधरा दिवसांचा नियम

कवळी लागून झालेली जखम, कवळी घासल्यावर किंवा बाहेर ठेवल्यावर, आठवडाभरात भरत येते. दोन आठवडे उलटूनही जी भरली नाही, जिची कड जाड किंवा टणक लागते, जिच्यातून सहज रक्त येतं, किंवा जी दुखत नाही पण जातही नाही, ती कवळीची जखम समजून गप्प बसायचं नाही. जिभेवर, गालात किंवा हिरडीवर आलेला पांढरा अथवा लाल चट्टाही तसाच. आपल्याकडे मशेरी, तंबाखू आणि गुटख्याची सवय घराघरांत आहे. दात गेल्यावरही आजी हिरडीला मशेरी लावत राहते आणि कवळीखालची जखम तिच्या नजरेला पडत नाही. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला असाच दिसतो, आणि लवकर सापडला तर उपचार बराच सोपा असतो. म्हणून घरातल्या तरुण माणसाने महिन्यातून एकदा उजेडात कवळी काढायला लावून हिरडी, टाळू, गालाची आतली बाजू आणि जिभेच्या दोन्ही कडा पाहाव्यात, आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकलेली जखम दिसली तर त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन जावं.